मफलर घातलेलं दार

माझ्या एका विनोदापायी माझी आई मरता मरता वाचली. हे वाक्य मी आजवर कुणासमोर असं सरळ उच्चारलेलं नाही. लोक म्हणतात, बॅटरी पेटली, त्यात तुझा काय दोष? बॅटरी पेटली हे खरंच. पण धूर नवव्या मजल्यावरून बाराव्यापर्यंत ज्या दारांतून आला, त्या दारांवर मी लिहिलेली पाटी होती. ती वाचून सगळे हसत होते. मीही हसत होते.

आम्ही नायगावच्या चाळीतले. चाळ पाडून टॉवर झाले आणि आम्हाला बाराव्या मजल्यावर घर मिळालं. घर मोठं, संडास घरात, नळाला दिवसभर पाणी. आई पहिले आठ दिवस उगाचच नळ सोडून बघायची. मग तिला कंटाळा यायला लागला. चाळीत दार बंद असलं की समजायचं, या घरात काहीतरी बिनसलंय. भांडण तरी झालंय नाहीतर कुणी आजारी तरी आहे. इथे सगळीच दारं बंद. आई म्हणाली, "एवढी माणसं एकदम आजारी कशी काय पडली गं?"

मग चाळीतल्या लोकांनी चाळीतला उपाय शोधला. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजच्या टोकाला जिन्याचं एक जाडजूड दार आहे. त्याच्या वरच्या बाजूला एक लोखंडी हात असतो. तुम्ही दार ढकलून पलीकडे गेलात की तो हात दाराला ओढून आपोआप बंद करतो. हे दार आगीसाठी असतं. खाली आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये, जिना माणसांना उतरायला मोकळा राहावा, एवढंच त्याचं काम. पण हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्हाला एवढंच दिसलं की जिन्याला खिडकी आहे, आणि दार उघडं ठेवलं तर पॅसेजमध्ये छान वारा येतो. मग काय, कुणी दाराला झाडाची कुंडी लावली, कुणी वीट. आमच्या मजल्यावर लागला आमचा पाटा. मिक्सर आल्यापासून तो बाल्कनीत पडून होता. तो मीच उचलून नेऊन लावला. आईचे गुडघे दुखतात, तिला बाल्कनीत बसून एकटीने वारा खायला आवडत नाही, तिला माणसं लागतात. दार उघडं राहिलं की ती आणि समोरची मावशी पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसायच्या. मावशी मालवणकडची, आमच्याच चाळीत शेजारी होती, नशिबाने इथेही समोर आली. दोघी भाजी निवडायच्या, जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायच्या. आई पुन्हा माणसात आली. पाटा लावल्याचं मला पुण्यच वाटलं होतं.

दारांवर पाटी आधीपासून होती. लाल अक्षरांत, 'अग्निरोधक दार. सदैव बंद ठेवावे.' ती कुणी वाचत नव्हतं. म्हणजे दिसायची सगळ्यांना, पण 'थुंकू नये' कुणी वाचतं का, तसंच. अकराव्या मजल्यावरचे काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. ते रोज जिन्याने खालीवर करायचे आणि प्रत्येक मजल्यावरची कुंडी बाजूला करायचे. त्यांची पाठ वळली की कुंडी परत जागेवर. शेवटी ते सोसायटीच्या सभेत उभे राहिले आणि चिडून म्हणाले, "एवढा मोठा बोर्ड लावलाय, तरी तुम्हाला कळत नाही? मेल्यावर कळणार काय?" सभा संपल्यावर सगळे त्यांच्या बोलण्याची नक्कल करत घरी गेले.

सेक्रेटरी मात्र हुशार माणूस. सभा झाल्यावर तो माझ्याकडे आला. "ताई, तुमचे बाबा चाळीच्या फळ्यावर कसं लिहायचे. हसत हसत माणूस ऐकायचा. तुम्ही पण छापखान्यात असता. काहीतरी गमतीशीर लिहा ना. पण इशारा पोचला पाहिजे हां."

फळ्याचं सांगते. चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा होता आणि रोज सकाळी विहारातून वंदना करून आले की बाबा त्यावर खडूने लिहायचे. पाणी कधी येणार, कोण वारलं, कुणाची मुलगी पास झाली, जयंतीची मिरवणूक कुठून जाणार. बाबांच्या हाताला एक खोडी होती. साधी सूचनाही ते अशी लिहायचे की माणूस थांबून वाचायचा, हसायचा आणि पुढे जायचा. मला त्यांच्या ओळी पाठ आहेत असं मी कायम सगळ्यांना सांगत आले. दादरच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांचा आणि हँडबिलांचा मजकूर तपासते, दुरुस्त करते, कधी कधी लिहूनही देते. तेव्हा सेक्रेटरीने बाबांचं नाव काढलं आणि मी हवेत गेले. हे आपल्या रक्तातच आहे, असं मला वाटलं.

मी दाराच्या तोंडून लिहिलं.

'मी जिन्याचं दार. माझी तब्येत नाजूक आहे. मला उघडं ठेवलंत तर मला सर्दी होते, रात्रभर शिंका येतात. मला मिटून स्वस्थ झोपू द्या. तुमचंच, लाडकं दार.'

खाली मी एक झोपलेलं दार काढलं होतं, त्याला डोळे आणि गालावर लाली. छापखान्यातच छापलं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलं आणि सगळ्या मजल्यांवर जुन्या लाल पाटीच्या जागी लावलं. जुनी पाटी काढायची कल्पनाही माझीच. म्हटलं, दोन-दोन पाट्या बऱ्या दिसत नाहीत.

काय कौतुक झालं! लोकांनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. शेजारच्या टॉवरची माणसं बघायला आली. आईने मावशीला पाटी तीनदा वाचून दाखवली आणि तिन्ही वेळा स्वतःच आधी हसली. "बापावर गेलीय," असं ती मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. आठवडाभर दारं खरंच बंदही राहिली. मला वाटलं, जिंकले.

काका तेव्हा गावी गेले होते. परत आले, पाटी वाचली आणि आमच्या घरी आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "हसलो मी. पण ताई, यात आग कुठाय?"

"म्हणजे?"

"आग नाही, धूर नाही. दार उघडं ठेवलं तर माणसाला काय होतं, ते कुठाय? दाराला सर्दी होते म्हणे. दाराला कुठे काय होतंय? होतं ते माणसाला."

मला राग आला. एवढ्या दिवसांत कुणी खोट काढली नव्हती. मी म्हणाले, "काका, सगळं सांगूनच टाकलं तर गंमत काय राहिली? लोक समजतात हो. आणि तुमच्या लाल पाटीने काय दिवे लावले होते?"

काकांनी चहाचा कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेले. आज त्यांचं ते कप ठेवून निघून जाणं आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आठवडा सरला आणि कुंड्या परतल्या. आता लोक हसत हसत दार उघडं ठेवायचे. नवव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर कमालच केली. दाराला सर्दी होते ना, म्हणून त्यांनी जुना लोकरीचा मफलर दाराच्या मुठीला बांधला. झकास गाठ मारून, गळ्यात बांधतात तसा. त्याचाही फोटो फिरला. मला तो माझ्या विनोदाला मिळालेला पुरस्कार वाटला. मी मुद्दाम लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबवून तो बघून आले. पुढे एक दिवस त्यांना वारा हवा झाला. मफलरचं एक टोक मोकळं लोंबत होतंच. ते त्यांनी जिन्याच्या कठड्याला बांधून टाकलं. दार सताड उघडं, मफलर ताणलेला, आणि शेजारी माझी पाटी, मला मिटून स्वस्थ झोपू द्या. तेही मी पाहिलं. आणि हसले. खोटं कशाला सांगू, हसलेच.

आणि आमचा पाटा? तो पहिल्या आठवड्यात आत आला होता. आठवा दिवस उलटला आणि आई म्हणाली, "गुदमरायला होतंय गं पॅसेजात." मी स्वतःच पाटा नेऊन परत दाराला लावला. पाटी माझी, पाटाही माझाच. रोज सकाळी कामाला निघताना मला तो समोर दिसायचा आणि मला त्याचं काहीही वाटायचं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी एका लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' करत होते, तेव्हा सेक्रेटरीचा फोन आला.

"ताई, लगेच निघा. नवव्याला आग लागलीय. तुमच्या आई..." आणि फोन कट झाला.

'तुमच्या आई' याच्या पुढे काय, ते मला दादर ते नायगाव पूर्ण रस्ता कळलं नाही. टॅक्सीवाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. एका सिग्नलला मी उतरून पळायला लागले, आणि तो "मॅडम, पैसे" म्हणून हाका मारत होता. पर्स टॅक्सीतच राहिली होती. त्याने ती नंतर आणून दिली. मी पळत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, रात्रभर शिंका येतात, रात्रभर शिंका येतात. स्वतःच लिहिलेलं ते बावळट वाक्य मला थांबवता येईना.

खाली बंब उभे होते. नवव्या मजल्यावर काच फुटून काळं झालं होतं. त्याहून मला धक्का बसला तो वरच्या खिडक्या पाहून. दहाव्या, अकराव्या, बाराव्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडक्यांमधून दाट, काळपट धूर बाहेर येत होता. आग नवव्याला, आणि धूर आमच्या मजल्यावर. मला काहीच समजेना. सिमेंटची एवढी जाड इमारत, मधे एवढे मजले, आणि धूर वर कसा गेला?

काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. नवव्या मजल्यावर कुणीतरी इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी वर आणून पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकजवळ चार्जिंगला लावली होती. ती फुगली आणि भडकली. रॅक पेटलं. धुराला वाट हवी होती, आणि वाट मफलरने बांधून ठेवलेलीच होती. धूर जिन्यात शिरला आणि जिना चिमणी असावी तसा वर ओढला गेला. दहाव्या मजल्यावरचं दार बंद होतं, अकराव्याचंही. ते काकांचं. तिथे धूर आत गेला नाही. बाराव्यावर दाराला पाटा होता.

आई आणि मावशी पॅसेजमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. मावशी नंतर म्हणाली, "माका वाटला कोणीतरी फोडणी जाळल्यान. मगे बघतंय तर सगळा काळाकुट्ट." पॅसेज धुराने भरायला लागला तशा दोघी उठल्या. आणि आईला आठवली लिफ्टजवळची पाटी. ती पाटी मी बदलली नव्हती. तीच जुनी, कंटाळवाणी. 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. जिन्याचा वापर करावा.' आईने ती पाळली. जी रुक्ष पाटी कुणी वाचत नाही असं मी म्हणत होते, ती तिच्या बरोबर लक्षात होती. तिने मावशीचा हात धरला, पाटा ओलांडला आणि त्या जिन्यात उतरली.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जिना आहे, तो मोकळा होता. पण तो आम्ही कधी वापरलाच नव्हता, त्याची आठवण कुणाला येणार? अकराव्या आणि दहाव्याच्या मधल्या वळणावर आईचा श्वास अडकला. ती खाली बसली. मावशीने तिला ओढत ओढत अर्धा जिना परत वर आणलं. ही बाई सत्तरीची आहे, हे मी मुद्दाम सांगते. काकांना दारापलीकडून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी दार उघडलं, दोघींना आत ओढलं, दार लावलं, खालच्या फटीला ओला टॉवेल कोंबला आणि दोघींना आपल्या घरात खिडकीशी नेऊन बसवलं. जवान आले तेव्हा त्यांना दुसऱ्या जिन्याने खाली उतरवलं.

मी पाहिली ती स्ट्रेचरवरची आई. तोंडावर मास्क, नाकाभोवती काजळ फासल्यासारखं काळं. तिच्या हातात मेथीची एक जुडी अजून घट्ट धरलेली होती. मी "आई" म्हणून ओरडले. तिने डोळे उघडले, पण तिची नजर माझ्यावर थांबली नाही.

दोन दिवस ती बोलली नाही. बोलायला मनाईच होती, घसा आतून भाजल्यासारखा झाला होता. तिसऱ्या दिवशी मास्क काढून पाणी दिलं, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. आवाज फाटलेला होता. मला वाटलं, मावशी कशी आहे असं विचारेल.

ती म्हणाली, "दाराला सर्दी होते एवढंच लिहिलं होतंस, पोरी. मला कुठे ठाऊक, माणूस मरतो म्हणून."

ती मला टोचून बोलत नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी लिहिलेलं ती खरं मानत आली होती. मी वॉर्डच्या बाहेर बाकावर जाऊन बसले आणि कितीतरी वेळ रडूसुद्धा आलं नाही.

त्याच दुपारी तिचे कपडे न्यायला मी घरी गेले. लिफ्ट सुरू झाली होती. बाराव्यावर उतरले, काजळीने काळा झालेला पॅसेज ओलांडला, कपाट उघडलं, साड्या घेतल्या, कुलूप लावलं. आणि परत लिफ्टशी आले तेव्हा डाव्या हाताला दिसलं. जिन्याचं दार उघडं होतं. पाटा जागेवर होता. येताना मी त्याच्या शेजारूनच गेले होते आणि मला तो दिसला नव्हता. एवढं होऊन गेलं, माझी आई हॉस्पिटलात, आणि मला तो दिसलाच नव्हता! दारावर माझी पाटी होती, प्लॅस्टिक उष्णतेने सुरकुतलेलं. झोपलेल्या दाराचे गाल काळे पडले होते. मी ती ओरबाडून काढली.

काकांकडे गेले. माफी मागायची होती. ते म्हणाले, "बसा. रडायचं नंतर बघू. नवीन पाटी कधी लिहिताय?"

"मी नाही लिहिणार. तुमची लाल पाटीच लावा परत."

"लाल पाटी कोण वाचतं?" काका म्हणाले. "महिनाभर वाचतील भीतीने, मग परत कुंड्या. तुम्हीच लिहा. लोकांना थांबवायची हातोटी तुमच्याकडे आहे. फक्त थांबलेल्या माणसाच्या हातात काय ठेवता, ते बघा. आणि लिहून झालं की सेक्रेटरीला दाखवू नका, वॉचमनला दाखवा. वाचायला द्या, कागद झाका आणि विचारा, काय करायचं? का करायचं? दोन्ही सांगितलं तर पाटी पास."

मी घरी बसून बाबांचा फळा आठवू लागले. मला पाठ आहेत म्हणत होते ना? बसले तर फक्त विनोद आठवत होते, सूचना नाही. मग हळूहळू एक अख्खी आठवली. चाळीच्या गच्चीचा कठडा एका बाजूला सुटला होता, तेव्हाची.

'गच्चीच्या कठड्याला टेकू नका. तो सुटला आहे. टेकणारा तीन मजले खाली पडेल. ज्यांना खाली जायची घाई आहे त्यांनी जिना वापरावा, तो मजबूत आहे.'

मी हे वाचून लहानपणी पोट धरून हसले होते. आणि कठड्याजवळ कधी गेले नव्हते. आता नीट पाहिलं तर पहिल्या तीन वाक्यांत हसण्यासारखं काहीच नव्हतं. काय करू नका, का, आणि केलंत तर काय होईल, हे बाबांनी आधी उघड सांगून टाकलं होतं. विनोद त्यानंतर आला होता, आणि तो कठड्यावर नव्हता, घाई करणाऱ्या माणसावर होता. सुटलेल्या कठड्याला त्यांनी लाडकं वगैरे केलं नव्हतं. मी धोक्यालाच गोंडस करून टाकलं होतं, म्हणून तर लोकांनी त्याला मफलर घातला.

पहिला कागद मी वॉचमनला दिला. त्यात गंमत आधी होती. 'वारा खायला इथे आलात?' अशी सुरुवात, आणि खाली धुराचं. त्याने वाचलं, हसला. मी कागद झाकला. काय करायचं? "वारा नाही खायचा." का? तो विचारात पडला. "काहीतरी वाऱ्याचं लफडं आहे ना ताई?" नापास. दुसऱ्या कागदात मी भीतीपोटी गंमत काढूनच टाकली. सेक्रेटरी तो हातात घेऊन चौथ्या ओळीला दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला. तोही नापास. असे सहा कागद फाटले.

सातवा असा होता.

'हे दार उघडं ठेवू नका. खाली आग लागली तर उघड्या दारातून धूर येतो आणि माणूस गुदमरून मरतो. पाटा, कुंडी, वीट, मफलर, काहीही लावू नका. गप्पा मारायच्या असतील तर शेजारच्या घराची बेल वाजवा. चहा मिळेल. नाही मिळाला, तर शेजारी कसा आहे ते तरी कळेल.'

वॉचमनने वाचलं. काय करायचं? "दार बंद." का? "धूर येतो, माणूस मरतो." आणि मग तो हसला. "पाचव्यावाले चहा नाही देणार, ताई." पास.

लिफ्टजवळच्या पाटीतही आम्ही भर घातली. जिन्यात धूर दिसला तर त्यात शिरू नका, मागे फिरा, दार लावा, दुसऱ्या जिन्याने उतरा; तोही धुराने भरला असेल तर घरात जाऊन दार बंद करा आणि खिडकीशी थांबा. मी विचारलं, "यात काही घालू का?" काका म्हणाले, "इथे नको. इथे माणूस पळत असतो. हसायला थांबला तर?" ती पाटी अगदी कोरडी राहिली. तशीच बरी आहे.

आईला घरी आणलं तेव्हा पाट्या लागल्या होत्या. मी तिला खुर्चीवर दारासमोर बसवलं. मावशीही आली. आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. मफलरपर्यंत आली तेव्हा थांबली, मावशीकडे पाहिलं. मावशी पुटपुटली, "खरा हा गो, बाय." मग आईने उरलेलं वाचलं.

मी पाटीवर हात ठेवून ती झाकली. "सांग आई. काय करायचं?"

"दार बंद ठेवायचं. नाहीतर धूर येतो आणि माणूस मरतो. मला कशाला विचारतेस? मी जाऊन आलेय त्यात." मग तिने माझा हात पाटीवरून बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. "आता तू सांग. पाटा कुठाय?"

पाटा दारामागेच होता, भिंतीला टेकवलेला. जुनी पाटी ओरबाडून काढली त्या दिवशी मी तो दारातून फक्त बाजूला सरकवला होता. आत नेला नव्हता. इतके दिवस मी पाट्या लिहीत होते, वॉचमनची परीक्षा घेत होते, आणि पाटा तिथेच, हात लांबवला की मिळेल असा. मी तो उचलला, छातीशी धरून आत नेला आणि पलंगाखाली ढकलला. परत आले तेव्हा दार मिटलेलं होतं आणि आई चहाची ओळ पुन्हा वाचून हसत होती.

ते हसू खोकल्यात गेलं. आता नेहमीच जातं. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं राहायचंच. ती अजूनही माझ्या विनोदांना हसते, आधीपेक्षा जास्तच, मला बरं वाटावं म्हणून. हसू येतं, मग तो कोरडा, लांबत जाणारा खोकला, आणि मी हातातलं टाकून पॅसेजमध्ये जाते, दार ढकलून बघते, बंद आहे ना.